प्रश्न नसलेल्या निरोपाला उत्तर

रोज सकाळी 6 वाजून 40 मिनिटांच्या सुमारास माझ्या फोनवर मावशीचे एक चित्र येते. पाकळ्यांवर दव असलेले एखादे फूल, मागे उगवता सूर्य, वर मोठ्या अक्षरांत ‘शुभ सकाळ’ आणि खाली दोन ओळींचा सुविचार. त्यात माझे नाव नसते, काही विचारलेले नसते आणि काही कळवलेलेही नसते. हेच चित्र त्याच मिनिटाला आणखी तीस-चाळीस जणांकडे गेलेले असते, हेही मला ठाऊक आहे. तरीही ते पाहून फोन खाली ठेवला की काहीतरी राहून गेल्यासारखे वाटते. विचारलेलेच काही नाही, तर राहून जाते ते नेमके काय, हे मला पुष्कळ दिवस उमगत नव्हते. भाषेच्या अभ्यासकांनी याचे उत्तर मोबाइल येण्याच्या फार आधी शोधलेले आहे, आणि ते समजले की उत्तर द्यावे का, कसे द्यावे आणि कुठे थांबावे, या तिन्ही गोष्टी बऱ्याच सोप्या होतात.

मानववंशशास्त्रज्ञ ब्रोनिस्लाव मालिनोव्स्की यांनी 1923 मध्ये लिहिलेल्या एका निबंधात असे दाखवले की माणसांच्या बोलण्याचा बराचसा भाग माहिती देण्यासाठी नसतोच. वाटेत भेटल्यावर ‘काय, निघालात का?’ असे आपण म्हणतो, तेव्हा समोरचा निघालेला आहे हे आपल्याला दिसत असते. त्या शब्दांचे काम माहिती मिळवण्याचे नसून ‘मी तुम्हाला पाहिले, आपल्यात सगळे पूर्वीसारखे आहे’ एवढे सांगण्याचे असते. ‘शुभ सकाळ’चे चित्र याच जातीचे आहे. म्हणून ‘यात नवीन काय आहे?’ असे त्याला विचारणे म्हणजे नमस्काराला जोडलेल्या हातांत काय आहे, असे विचारण्यासारखे आहे.

परंतु राहून गेल्याची जी टोचणी लागते तिचे कारण एवढ्याने सापडत नाही. ते सापडते संभाषणाच्या रचनेत. समाजशास्त्रज्ञ इमॅन्युएल शेग्लॉफ यांनी 1968 मध्ये टेलिफोनवरच्या बोलण्याची सुरुवात कशी होते याचा बारकाईने अभ्यास मांडला. बोलण्यातले काही उच्चार जोडीने येतात, हे त्यांच्या आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या कामातून स्पष्ट झाले. प्रश्नाची जोडी उत्तराशी, हाकेची जोडी ‘ओ’शी, आणि नमस्काराची जोडी नमस्काराशी. जोडीतला पहिला भाग उच्चारला गेला की दुसऱ्या भागासाठी एक जागा तयार होते. ती जागा रिकामी राहिली तर ती नुसती शांतता राहत नाही. ती ‘उत्तर न देणे’ ही कृती होऊन बसते. एरवी आपण हजारो माणसांना दिवसभर काहीच लिहीत नाही आणि त्याचा कोणालाही काही अर्थ लागत नाही. पण ज्याने नमस्कार केला त्याला काहीच लिहिले नाही, तर त्याला त्याचा अर्थ लावावा लागतो. फॉरवर्ड केलेल्या चित्रात प्रश्नचिन्ह नसले तरी ते जोडीचा पहिला भाग असते, आणि टोचणी त्या रिकाम्या जागेची असते.

आता येथे एक खरी अडचण आहे, आणि ती नमस्कारात नसून फॉरवर्ड करण्यात आहे. समोरासमोर केलेला नमस्कार कोणासाठी आहे हे नजरेवरून कळते. फोनवर आलेल्या चित्रात ती नजर नसते. व्हॉट्सअ‍ॅपने 2018 मध्ये फॉरवर्ड केलेल्या निरोपावर बाणाची खूण दाखवायला सुरुवात केली. जो निरोप बऱ्याच हातांतून फिरत आला आहे त्यावर दुहेरी बाण दिसतो. पण या खुणेवरून चित्र पुढे ढकललेले आहे एवढेच कळते, ते आपल्याला निवडून पाठवले का, हे कळत नाही. तेच चित्र फोनमध्ये साठवून तिथून पाठवले तर ही खूण उमटतही नाही. प्रसारण यादीतून, म्हणजे एकाच वेळी अनेकांना निरोप धाडण्याच्या सोयीतून आलेले चित्र आपल्याला एरवीच्या खासगी निरोपासारखेच मिळते, आणि आपले उत्तर मात्र फक्त पाठवणाऱ्याला जाते. म्हणजे पाठवणाऱ्याने चाळीस जणांना एकदाच नमस्कार केलेला असतो, पण त्याच्याकडे चाळीस वेगवेगळ्या जागा तयार झालेल्या असतात, आणि त्यातली कोणती भरली आणि कोणती नाही हे त्याला वेगवेगळे दिसते. ‘एवढ्या जणांना पाठवले आहे, माझे उत्तर नसले तरी काय कळणार?’ हा हिशेब म्हणूनच चुकतो.

उत्तर द्यायचे ठरले तर ते कसे असावे? येथे मराठीतले एक अगदी छोटे शब्दयोगी अव्यय फार मोठे काम करते, ते म्हणजे ‘ही’. ‘सणाच्या हार्दिक शुभेच्छा’ या निरोपाला कोणी ‘सणाच्या हार्दिक शुभेच्छा’ असेच उत्तर दिले, तर ते उत्तर आहे की यानेही सगळ्यांना पाठवले त्यातलेच एक माझ्याकडे आले, हे कळायला मार्ग नसतो. ‘तुम्हालाही शुभेच्छा’ असे लिहिले की त्या ‘ही’मुळे तुमचे वाक्य आधीच्या वाक्याला बांधले जाते. मी तुमचे वाचले, ते घेतले आणि परत दिले, या तिन्ही गोष्टी एका अक्षरात येतात. त्याच्या आधी हाक जोडली, ‘काका, तुम्हालाही’, ‘ताई, तुलाही आणि घरी सगळ्यांना’, तर बिननावाच्या चित्राला नावाचे उत्तर मिळते. चाळीस जणांना गेलेला निरोप त्या क्षणी दोघांपुरता होतो. वेळ अगदीच थोडा असेल तर चित्र शोधण्यापेक्षा या दोन-तीन शब्दांत तो घालवावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

‘धन्यवाद’ हा शब्द आपण या जागी सवयीने वापरतो, पण तो प्रत्येक वेळी बसत नाही. वाढदिवसाच्या शुभेच्छांना ‘धन्यवाद’ हे पूर्ण उत्तर आहे, कारण वाढदिवस एकाचाच असतो आणि परत द्यायला काही नसते. सण दोघांचा असतो. तेथे नुसते ‘धन्यवाद’ म्हटले तर घेतले आहे आणि परत दिलेले नाही, असे वाटू शकते. या उलट, सण पाठवणाऱ्याच्या घरी साजरा होतो आणि आपल्या घरी होत नाही, असे असेल तर ‘ही’ तिथे खोटा पडतो. अशा वेळी ‘धन्यवाद. तुम्हाला आणि घरच्या सर्वांना सणाच्या मनःपूर्वक शुभेच्छा’ हे अचूक उत्तर होते: त्यांनी आठवण ठेवली म्हणून आभार, आणि सण त्यांचा म्हणून शुभेच्छा त्यांना.

चित्राला चित्रानेच उत्तर देणे सर्वांत सोपे वाटते, पण घोळ बहुधा तिथूनच सुरू होतो. शब्दांचे उत्तर हा जोडीचा दुसरा भाग असल्याचे सहज ओळखू येते, आणि जोडी पूर्ण होऊन बोलणे तिथे थांबू शकते. दुसरे चित्र पाठवले की ते समोरच्याला नवा नमस्कार वाटण्याची शक्यता असते. मग तो हात जोडल्याचे चिन्ह पाठवतो, आपण त्यावर फूल पाठवतो, आणि थांबावे कोणी हे दोघांनाही कळेनासे होते.

याहून मोठी चूक मात्र अगदी सौजन्यापोटी होते, आणि ती मी स्वतः केलेली आहे. एका सकाळी मावशीच्या चित्राला मी लिहिले, ‘शुभ सकाळ मावशी. कशी आहेस? गुडघ्याचं दुखणं कसं आहे?’ तिने चित्रात काही विचारले नव्हते. मी मात्र एक सोडून दोन प्रश्न विचारले. दहा मिनिटांनी तिचा 4 मिनिटांचा आवाजी निरोप आला. डॉक्टरांकडे कधी गेली, त्यांनी कोणते व्यायाम सांगितले, त्यातला कोणता जमत नाही, हे सारे तिने मनापासून सांगितले होते. मी कामाला लागले होते. तो निरोप मी दुसऱ्या दिवशी रात्री ऐकला, आणि तोवर तिचे आणखी एक चित्र येऊन गेले होते. प्रश्न हा नमस्कारापेक्षा फार वजनदार पहिला भाग आहे. नमस्काराला दोन शब्द पुरतात. प्रश्नाला समोरचा माणूस वेळ देतो, आणि मग ऐकण्याची जबाबदारी आपल्यावर येते. म्हणून उत्तरात प्रश्न तेव्हाच घालावा, जेव्हा त्याचे उत्तर ऐकायला त्याच दिवशी सवड आहे. नसेल तर प्रश्नाऐवजी विधान करावे: ‘मावशी, तुलाही शुभ सकाळ. गुडघ्याची काळजी घे, रविवारी बोलू.’ आठवण तीच पोचते आणि तिच्यावर लगेच सांगण्याचा भार पडत नाही.

रोजच्या चित्रांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते, ती म्हणजे आपल्या उत्तरांचीही सवय होते. मावशीने चित्रे पाठवायला सुरुवात केली तेव्हा मी जवळजवळ तीन आठवडे रोज उत्तर दिले. मग कामाचा ताण वाढला आणि मी एकदम थांबले. पाचव्या दिवशी तिने माझ्या आईला फोन करून विचारले, ‘‘माझं काही चुकलं का गं? हिचं उत्तर येत नाही आता.’’ त्याच यादीत माझा एक मावसभाऊ, दुसऱ्या मावशीचा मुलगा, आहे. त्याने पहिल्या दिवसापासून कधीच उत्तर दिले नव्हते, आणि त्याच्याबद्दल तिने कधी कोणाला काही विचारले नाही. प्रत्येक सकाळी तयार होणारी जागा दोघांचीही सारखीच रिकामी होती. पण त्याची पहिल्यापासून रिकामी होती आणि माझी रोज भरलेली असताना अचानक रिकामी झाली होती. माणसे शांततेपेक्षा बदलाचा अर्थ अधिक लावतात. म्हणून पहिल्याच आठवड्यात जेवढे पुढे निभावता येईल तेवढेच उत्तर द्यावे, आणि कमी करायचे असेल तर न सांगता थांबू नये.

मी तिला त्याच संध्याकाळी फोन केला. ‘‘मावशी, तुझं चित्र मी रोज बघते. सकाळी धावपळ असते म्हणून रोज लिहिणं होत नाही. लिहिलं नाही तरी बघितलेलं असतं, आणि रविवारी सकाळी मी तुला फोन करत जाईन,’’ असे सांगितले. ती म्हणाली, ‘‘बघतेस ना, मग झालं.’’ या चार शब्दांनी मला कोणत्याही शास्त्रापेक्षा अधिक समजावले. तिला माझे शब्द नको होते. चित्र पोचले आणि कोणीतरी पाहिले, एवढे कळायला हवे होते. मी फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन पाहिले, तर ‘निरोप वाचल्याची खूण’ मी पूर्वीच कधीतरी बंद करून ठेवली होती. ती चालू असेल तर पाठवणाऱ्याला निरोप वाचला गेल्यावर दोन निळ्या खुणा दिसतात. बंद असेल तर दोन करड्या खुणाच राहतात, म्हणजे निरोप फोनपर्यंत पोचला एवढेच कळते. तिला इतके दिवस करड्या खुणाच दिसत होत्या. ज्यांनी ही खूण बंद ठेवली आहे त्यांच्या शांततेत ‘पाहिले’ हा किमान निरोपसुद्धा नसतो, म्हणून त्यांनी थोडे अधिक उत्तर देणे भाग आहे. मी ती खूण चालू केली, आणि शक्य होईल तेव्हा चित्रावर बोट दाबून धरून त्याखाली हृदयाचे चिन्ह ठेवायला लागले. निरोपाखाली असे चिन्ह ठेवण्याची सोय व्हॉट्सअ‍ॅपवर 2022 पासून आहे. ते वेगळा निरोप म्हणून जात नाही, मूळ चित्रालाच चिकटून राहते, आणि त्याला उलट उत्तर देण्याची कोणालाच गरज वाटत नाही. जोडी पूर्ण करून तिथेच मिटवणारे याहून नेमके साधन माझ्या पाहण्यात नाही. एक काळजी मात्र घ्यावी: वर केलेला अंगठा अनेक वडीलधाऱ्यांना ‘ठीक आहे, मिळाले’ अशा कार्यालयीन पोचपावतीसारखा वाटतो. नमस्काराला जोडलेले हात किंवा हृदय अधिक शोभते.

तिची चित्रे मी वेगळ्या नजरेने पाहायला लागले ते मात्र पुढे काही महिन्यांनी. मावशी एकटी राहते. एका मंगळवारी 9 वाजले तरी तिचे चित्र आले नव्हते. रोज ठरल्या वेळी येणाऱ्या गोष्टीत रोज काहीच बातमी नसते. ती न येणे हीच सर्वांत मोठी बातमी असते. मी तिला ‘मावशी, उठलीस का?’ एवढे लिहिले. माझ्या निरोपासमोर बराच वेळ एकच खूण राहिली, म्हणजे तो तिच्या फोनपर्यंत पोचलाच नव्हता. फोन केला तर तो बंद असल्याचे ऐकू आले. मग तिच्या शेजारच्या काकूंना फोन करून दार वाजवायला सांगितले. तिला रात्रीपासून ताप होता, आणि उशाशी ठेवलेला फोन चार्ज करायला उठणेही तिच्याने झाले नव्हते. दुपारपर्यंत डॉक्टर येऊन गेले. पुढच्या वेळी असेच चित्र आले नाही तेव्हा फक्त तिचा नेटचा पॅक संपला होता, आणि साध्या फोनवर ती पहिल्याच रिंगला बोलली. म्हणजे चित्र न येणे हा पुरावा नव्हे. पण फोन उचलून विचारण्याइतके ते कारण नक्कीच आहे. अर्थात, तिचे 6:40 हे वेळापत्रक मला ठाऊक होते ते मी चित्रे रोज पाहत होते म्हणून. तो गप्पांचा धागा मी मागे कधी ‘म्यूट’ करून नजरेआड ठेवला असता, तर त्या मंगळवारी मला काहीच जाणवले नसते.

गटावर आलेल्या चित्राचा विचार वेगळा करायला हवा, कारण तेथे नमस्कार सगळ्यांना मिळून केलेला असतो. खोलीत येऊन कोणी ‘नमस्कार मंडळी’ म्हटले तर प्रत्येकाने पाळीपाळीने उठून नमस्कार करावा अशी अपेक्षा नसते. दोघे-तिघे बोलतात, बाकीचे मान हलवतात. गटावर हे मान हलवणे दिसत नाही, म्हणून प्रत्येकजण लिहितो. 60 जणांच्या गटात एकाने शुभेच्छा दिल्या आणि उरलेल्या 59 जणांनी उत्तर दिले, तर प्रत्येकाच्या फोनवर त्या एका नमस्कारापायी 60 निरोप जमतात. सणाच्या दिवशी अशा दहा शुभेच्छा आल्या तर 600 निरोप होतात. एका सणाला आमच्या इमारतीच्या गटावर दुपारी 3 ते 5 पाणी बंद राहणार असल्याची सूचना अशाच फुलांच्या आणि दिव्यांच्या चित्रांखाली गेली, आणि ती वर सरकवून शोधेपर्यंत नळ कोरडे झाले होते. गटावर म्हणून मूळ चित्राखाली चिन्ह ठेवणे हेच मान हलवण्याच्या सर्वांत जवळचे आहे: ती चिन्हे एका जागी गोळा होतात आणि गटात नवा निरोप वाढत नाही. ज्याने पाठवले त्याच्याशी आपले विशेष नाते असेल तर त्याला खासगीत ‘तुम्हालाही’ लिहावे. त्याला ते गटातल्या एकोणसाठाव्या उत्तरापेक्षा नक्कीच अधिक पोचते.

शुभेच्छांच्या चित्रासोबत ‘येथे दाबून आपले नाव टाका आणि शुभेच्छा पाहा’ अशी लिंक किंवा एखादी अ‍ॅपची फाइल आली असेल, तर ती उघडू नये आणि पुढेही पाठवू नये. ओळखीच्या माणसाकडून आली असली तरी त्याला फोन करून सांगावे. त्या दिवशी त्याला द्यायचे योग्य उत्तर तेच आहे.

ज्या घरात नुकतेच कोणी गेले आहे, तिथे यादीतून आनंदाचे चित्र जाऊन पडते, असेही होते. पाठवणाऱ्याच्या मनात काही नसते, यादीतले एक नाव वगळायचे राहिलेले असते. असे चित्र आपल्याला आले तर उत्तर देण्याचे कोणतेही बंधन नाही. द्यावेसे वाटलेच तर ‘धन्यवाद. बाबा गेल्यामुळे यंदा आमच्याकडे सण नाही’ एवढे पुरे, कारण कित्येकदा समोरच्याला ही बातमीच कळलेली नसते. आणि आपल्याच हातून असे चित्र गेल्याचे लक्षात आले तर ते गुपचूप पुसून टाकू नये. पुसलेल्या निरोपाच्या जागी काहीतरी पुसल्याची नोंद राहते आणि वाचणारा विनाकारण तर्क करत बसतो. ‘माझ्याकडून चुकून गेले, क्षमा करा’ असे लिहून फोन करावा.

शेवटी उशिराचा प्रश्न. ‘शुभ सकाळ’ दुपारी 4 वाजता परत देता येत नाही, कारण सकाळच उरलेली नसते. तिथे ‘नमस्कार मावशी, आत्ता पाहिलं’ हे खरे आणि पुरेसे आहे. सणाच्या शुभेच्छा त्या दिवसाच्या रात्रीपर्यंत सहज परत देता येतात, आणि दुसऱ्या दिवशी ‘कालचा सण छान झाला असेल’ असे म्हणून देता येतात. पण महिनोन्महिने कोणाच्या चित्रांना काहीच उत्तर दिलेले नसेल, तर बहुतेक जण संकोचाने आणखी लांबवतात आणि मोठा खुलासा लिहायला वेळ मिळण्याची वाट पाहतात. तो खुलासा लिहू नये, कारण त्याने मागच्या प्रत्येक रिकाम्या जागेकडे बोट दाखवले जाते आणि समोरच्याला ‘असू दे, काही हरकत नाही’ म्हणण्याचे काम लागते. त्या मावसभावाने मागच्या महिन्यात मला विचारले, ‘‘एवढ्या वर्षांनी आता मावशीला काय लिहू?’’ मी त्याला आजच्या चित्रापुरतेच लिही म्हटले. चित्रात त्या दिवशी पिवळी शेवंती होती. त्याने लिहिले, ‘मावशी, तुलाही शुभ सकाळ. शेवंती छान आहे.’ तिने हृदयाचे एक चिन्ह ठेवले, आणि दुसऱ्या दिवशी 6:40 ला त्याला इतरांसारखेच चित्र आले.